तीनशेवी फ्रेम पहिलीसारखी

अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात, तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. लग्नाच्या फोटोग्राफरला पैसे मिळतात ते हा क्षण न चुकवण्याचे. कॅटलॉगचे काम करणारा स्टुडिओ पगार देतो तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. सकाळी काढलेला पहिल्या कुर्त्याचा फोटो आणि संध्याकाळी काढलेला तीनशेवा फोटो शेजारी ठेवले, तर उजेड, रंग, उंची आणि सावली यांत फरक दिसता कामा नये. फ्रीलान्स काम करणारे बरेच चांगले फोटोग्राफर आणि व्हिडिओग्राफर नोकरीच्या अर्जात मागे पडतात, त्याचे कारण मला इथे दिसते. त्यांचा रेझ्युमे पहिल्या प्रकारच्या कौशल्याचे पुरावे देतो आणि वाचणारा माणूस दुसऱ्या प्रकारचे शोधत असतो. म्हणून कोणते प्रकल्प ठेवावेत आणि कोणती उपकरणे लिहावीत हे ठरवायला एकच कसोटी पुरेशी आहे: हा माणूस एकच काम उद्या, परवा आणि महिनाभराने तसेच्या तसे करू शकेल, हे या ओळीतून कळते का?

ही कसोटी कुठून येते ते समजण्यासाठी कॅटलॉग स्टुडिओचा दिवस पाहायला हवा. वस्तू गोदामातून येतात आणि प्रत्येकीला स्वतःचा कोड असतो. कोणत्या वस्तूचे किती आणि कोणत्या कोनांतून फोटो हवेत याची यादी आधीच तयार असते. कॅमेरा केबलने संगणकाला जोडलेला असतो, म्हणजे काढलेली प्रत्येक फ्रेम लगेच मोठ्या पडद्यावर येते आणि तिच्या फाइलला वस्तूचा कोड आपोआप लागतो. फोटो पुढे रिटचरकडे जातात, मग तपासणीकडे आणि शेवटी विक्रीच्या संकेतस्थळावर. तिथले नियम मोजमापाचे असतात. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे आरजीबी २५५, २५५, २५५ लागते आणि वस्तूने फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. फोटोग्राफरने दुपारी लाइट थोडा सरकवला, तर रिटचरला पुढचे शंभर फोटो एकेक करून जुळवत बसावे लागते. रंग चुकला तर ग्राहक वस्तू परत पाठवतो. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्या मुख्य फोटोग्राफरला उमेदवाराच्या सर्वोत्तम फोटोपेक्षा त्याच्या सर्वसाधारण फोटोची काळजी जास्त असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकचा एक फोटोग्राफर सहा वर्षे स्वतंत्र काम करतो आहे आणि भिवंडीतल्या एका कॅटलॉग स्टुडिओत प्रॉडक्ट फोटोग्राफरच्या जागेसाठी अर्ज करतो आहे. जाहिरातीत टेदरिंग, कॅप्चर वन, स्टुडिओ फ्लॅश आणि छोट्या व्हिडिओंचा अनुभव मागितला आहे. त्याच्या रेझ्युमेचा पहिला खर्डा साधारण असा असतो: शंभराहून अधिक लग्ने, तीसेक प्री-वेडिंग, गणेशोत्सवाचे व्हिडिओ, एका हॉटेलचे मेनूकार्ड, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, येवल्यातल्या एका पैठणी दुकानाचे फोटो. त्याखाली दोन कॅमेरे, पाच लेन्स, गिम्बल, ड्रोन, तीन फ्लॅश, माइक अशी लांबलचक यादी. पैठणीचे काम शेवटी आले, कारण ते दोन दिवसांचे होते आणि पैसे कमी मिळाले होते. कामांचा क्रम लावताना त्याने स्वतःची कमाई आणि अभिमान पाहिला. या जागेसाठी तेच शेवटचे काम पहिले यायला हवे.

का, ते पैठणीच्या फोटोत किती अडचणी दडलेल्या आहेत यावरून कळेल. समजा काम ४२ साड्यांचे होते आणि प्रत्येकीचे चार फोटो हवे होते: घडी, पदर, काठ आणि विणीचा जवळून. जर धातूसारखी चमकते, म्हणजे ती समोरच्या दिव्याचे प्रतिबिंब दाखवते. दिवा लहान असला तर जरीवर पांढरे ठिपके जळतात आणि उरलेला पदर काळपट दिसतो. मोठा सॉफ्टबॉक्स बाजूने लावला तर तीच जर सलग उजळते. चमक मारण्यासाठी दिव्यावर आणि लेन्सवर आडवे-उभे पोलरायझर लावायची युक्ती रेशमाच्या रंगाला उपयोगी पडते, पण जरीचा जीवच घेते. धातूवरून परतणारा उजेड लेन्सवरच्या पोलरायझरमध्ये अडतो आणि सोनेरी मोर तपकिरी होतो. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे उजेडाची दिशा बदलली की रंग बदलतो. घडी थोडी फिरवली तर एकाच साडीचे दोन फोटो दोन साड्यांचे वाटतात. राणी किंवा गडद लाल रेशमात आणखी एक सापळा आहे. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल चॅनेल मात्र टोकाला जाऊन कापलेला असतो आणि विणीच्या रेषा सपाट होतात. तिन्ही चॅनेल वेगवेगळे पाहिल्याशिवाय हे कळत नाही. त्यात दुकानातले काम म्हणजे काचेतून येणारे ऊन आणि छतावरच्या ट्यूबा यांची सरमिसळ. एफ/११, आयएसओ १००, शटर १/१२५ ठेवून फ्लॅश बंद करून एक फ्रेम काढायची. ती काळी आली तर ऊन आणि ट्यूबा फोटोत शिरत नाहीत, असे समजायचे. हे सगळे ज्याने दोन दिवस सांभाळले, त्याने स्टुडिओचेच काम केले आहे, फक्त दुकानात केले आहे.

आता हे रेझ्युमेत कसे येईल? एवढी तांत्रिक कहाणी तिथे मावत नाही आणि ती लिहूही नये. चार वाक्ये पुरतात. रेझ्युमे बहुधा इंग्रजीत जातो, पण आशय असा राहील: “येवल्यातील विक्रेत्यासाठी ४२ पैठण्यांचा कॅटलॉग, प्रत्येकी ४, एकूण १६८ फोटो. दोन सॉफ्टबॉक्सची एकच मांडणी पूर्ण कामभर, प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला २४ रंगांच्या चार्टची फ्रेम, लॅपटॉपवर टेदरिंग, फाइलना दुकानाच्या नोंदवहीतील क्रमांक. एकट्याने, घडी घालण्यासह, सरासरी १६ मिनिटांत एक साडी. लाल चॅनेल कापला गेल्याने ६ फ्रेम त्याच दिवशी पुन्हा काढल्या.” शेवटचे वाक्य अनेकांना खटकेल. चूक कशाला सांगायची? मुख्य फोटोग्राफरच्या नजरेने पाहिले तर त्यात चुकीपेक्षा तपासणी दिसते. हा माणूस साड्या परत कपाटात जाण्याआधी फोटो पाहतो, काय बिघडले ते नेमके ओळखतो आणि ते दुसऱ्याच्या टेबलावर ढकलत नाही, एवढे त्या ओळीतून कळते. सोळा मिनिटे हा आकडा कॅटलॉग स्टुडिओच्या वेगापुढे मंद वाटेल, म्हणून ‘एकट्याने, घडी घालण्यासह’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्टुडिओत साडी मांडायला दुसरा माणूस असतो आणि वाचणारा तो हिशेब स्वतःच करतो.

इथे लगेच आक्षेप येतो: फ्रीलान्स कामात असे आकडे कोण ठेवतो? सहसा कोणीच ठेवत नाही, पण ते फाइलमध्ये पडून असतात. प्रत्येक मूळ फोटोत काढल्याची वेळ, शटर, अॅपर्चर आणि लेन्स नोंदलेले असते. लाइटरूममध्ये त्या कामाचे फोल्डर उघडून पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमची वेळ पाहिली, जेवणाची मोकळी जागा वजा केली आणि साड्यांच्या संख्येने भागले की सरासरी निघते. किती फोटो दिले ते पाठवलेल्या फोल्डरमध्ये मोजता येते, किती दिवसांत दिले ते बिलाच्या आणि संदेशाच्या तारखांवरून कळते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असले तरी दोन वेळांमधले अंतर बरोबरच असते. ज्या कामाच्या मूळ फाइल उरल्या नाहीत, त्याचा आकडा लिहू नये. अंदाजाने फुगवलेला आकडा मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला कोसळतो, कारण विचारणारा रोज तेच काम मोजत असतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. सहा वर्षांचे उत्तम काम लग्नांचे आहे, ते झाकून दोन दिवसांच्या साड्या पुढे करणे म्हणजे स्वतःला लहान करणे नाही का? लग्ने झाकू नयेत, असेच माझे म्हणणे आहे. सहा वर्षांचा सलग अनुभव म्हणून ती एका नोंदीत यावीत आणि त्या नोंदीतून स्टुडिओला उपयोगी पडणारी बाजू पुढे यावी. लग्नात सकाळी हळद पिवळ्या मांडवाखाली होते, मुहूर्त भर उन्हात आणि रिसेप्शन जांभळ्या एलईडीखाली. तरी अल्बममध्ये नवरीची त्वचा सगळीकडे तिचीच दिसायला हवी. सातशे-आठशे फोटोंचा रंग जुळवणे हे रिटचिंगच्या साखळीचे काम आहे. दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणे, त्याच रात्री दोन डिस्कवर प्रती काढणे, कार्ड पुसण्याआधी प्रती उघडून पाहणे, ही सवय स्टुडिओला हवीच असते. ‘भावनांचे क्षण टिपले’ हे वाक्य काढून ‘सहा वर्षांत एकाही कामाची मूळ फाइल गमावली नाही’ हे लिहिता आले, अर्थात ते खरे असेल तर, मग लग्नांचा अनुभव या जागेसाठी बोलू लागतो. प्री-वेडिंग मात्र बहुतेक गळावेत. त्यांतली ठिकाणे, पोशाख आणि धूर प्रेक्षकाला आवडतात, पण कॅटलॉगवाल्याला त्यातून काही कळत नाही. हॉटेलचे मेनूकार्ड राहावे, कारण तिथे तीस पदार्थ एका कोनातून आणि एका उजेडात काढलेले असतात. हाच उमेदवार उद्या जाहिरातपट करणाऱ्या स्टुडिओत अर्ज करील तेव्हा निवड उलटी होईल, प्री-वेडिंगचा एखादा चांगला व्हिडिओ वर येईल आणि साड्या खाली जातील. प्रत्येक जागेसाठी निवड नव्याने करावी लागते, आणि पंधरा कामांतून चार-पाच उरली तर ते पुरेसे आहे.

उपकरणांबाबत गोंधळ जास्त होतो, कारण फ्रीलान्स जगात स्वतःचे सामान ही पत असते. ग्राहक विचारतो, कॅमेरा कोणता? पगाराच्या नोकरीत कॅमेरा, दिवे आणि टेबल स्टुडिओचे असतात. तिथे मालकीच्या यादीपेक्षा तुम्ही कोणते उपकरण कशासाठी निवडता याला किंमत आहे. ‘१०० मिमी मॅक्रो लेन्स’ एवढे लिहिण्यापेक्षा ‘दागिन्यांसाठी १०० मिमी मॅक्रो, १२ ते १५ फ्रेमचे फोकस स्टॅकिंग’ असे लिहिले तर कळते की जवळून काढताना अंगठीचा पुढचा हिरा आणि मागची कडी एकाच फ्रेममध्ये धारदार येत नाहीत, ही अडचण माणसाने पाहिलेली आहे. फ्लॅशचेही तसेच. स्वस्त फ्लॅशची शक्ती कमी-जास्त केली की त्याच्या उजेडाचा रंगही थोडा बदलतो, म्हणून जाणकार माणूस शक्ती कायम ठेवून दिव्याचे अंतर बदलतो. ‘फ्लॅशची शक्ती स्थिर ठेवून अंतराने नियंत्रण’ या सहा शब्दांत जी खात्री आहे ती तीन फ्लॅशच्या नावांत नाही. व्हिडिओसाठीही एक ओळ पुष्कळ सांगून जाते. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे आणि अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. ३० फ्रेम आणि १/६० शटरवर अशा दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात, २५ फ्रेम आणि १/५० वर ते जातात. रेझ्युमेत ‘२५ फ्रेम, १/५०, कस्टम व्हाइट बॅलन्स, उत्पादनाचे १५ सेकंदांचे व्हिडिओ, डाविंची रिझॉल्व्हमध्ये रंगजुळणी’ असे दिसले की वाचणारा समजतो, हा माणूस स्वतः एडिटिंगला बसलेला आहे.

यावर कोणी म्हणेल की मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकाने गाळले जातात, आणि तिथे उपकरणांची नावे नसतील तर इतके विचारपूर्वक लिहिलेले वाक्य कोणाच्या नजरेलाच पडणार नाही. हा मुद्दा खरा आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. जाहिरातीत जी नावे आली आहेत, ती त्याच स्पेलिंगने एका छोट्या यादीत लिहावीत आणि प्रत्येक नाव किमान एका प्रकल्पातही वापरलेले दिसावे. मजकूर चित्र म्हणून न देता निवडता येईल अशा साध्या पीडीएफमध्ये द्यावा. फोटोग्राफर लोकांना रेझ्युमेत दोन रकाने आणि मागे पार्श्वचित्र टाकण्याचा मोह होतो, तो इथे आवरावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यादीत तीन पातळ्या वेगळ्या ठेवाव्यात: रोज वापरलेले, काही कामांत वापरलेले आणि केवळ शिकलेले. स्टुडिओ बहुधा प्रत्यक्ष चाचणी घेतो. ज्याने ‘कॅप्चर वन’ लिहिले आहे त्याला नवे सेशन उघडून पुढच्या फ्रेमचे नाव वस्तूच्या कोडवर लावायला सांगितले जाते, आणि माणसाने ते रोज केले आहे की व्हिडिओ पाहून शिकले आहे, हे थोड्याच वेळात उघड होते. ‘लाइटरूममध्ये रोज टेदरिंग, कॅप्चर वन दोन कामांत’ असे प्रामाणिकपणे लिहिणारा या चाचणीत टिकतो. ड्रोनची नोंदही अशीच जपून करावी. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. ते नसताना रेझ्युमेत हवाई चित्रणाची कामे मिरवली, तर सावध मालक त्यातून नको तोच अर्थ काढतो. कॅटलॉगच्या जागेसाठी तर ड्रोन गाळलेलाच बरा.

पोर्टफोलिओची लिंक रेझ्युमेची दुसरी बाजू आहे आणि तिथे एकाच तत्त्वाने चालावे: पैठणीच्या कामातले एकटे सुंदर मोर न दाखवता सलग बारा साड्यांची घडीची फ्रेम एका जाळीत ठेवावी. जाळीत उजेडाचा किंवा उंचीचा फरक लगेच डोळ्यांत येतो, आणि म्हणूनच तो नसणे हा पुरावा ठरतो. इथे कायद्याची एक बाजू फ्रीलान्सरना सहसा ठाऊक नसते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा किंवा फिल्मचा पहिला हक्कदार काम सांगणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे पैठण्यांचे फोटो दुकानदाराचे आणि लग्नाचे फोटो त्या कुटुंबाचे. पोर्टफोलिओत टाकण्याआधी दोन ओळींची लेखी परवानगी घेतलेली बरी, आणि यापुढच्या प्रत्येक कामाच्या करारात ती अट घालून ठेवावी. दुसऱ्या स्टुडिओच्या हाताखाली सेकंड शूटर म्हणून केलेल्या लग्नांपुढे तसे स्पष्ट लिहावे. फोटोग्राफीचे वर्तुळ लहान असते, आणि मुख्य फोटोग्राफर कोण होता हे एका फोनवर कळते.

उरतो तो स्टुडिओच्या मनातला संशय, जो बहुधा मुलाखतीत उघड विचारला जात नाही: तुळशीचे लग्न झाले, मुहूर्त सुरू झाले की हा माणूस सुट्ट्या मागायला लागेल. हा संशय निराधार नाही. लग्नाच्या एका चांगल्या मोसमात महिन्याच्या पगाराएवढी रक्कम काही दिवसांत मिळते. रेझ्युमेच्या सुरुवातीच्या दोन ओळींत ध्येयवाक्याऐवजी याचे सरळ उत्तर असावे: कोणत्या तारखेपासून पूर्णवेळ रुजू होता येईल, आधी घेतलेली कामे कोणत्या तारखेला संपतात आणि त्यानंतर नवी घेतलेली नाहीत. नाशिकच्या उमेदवाराने मार्गशीर्षातली दोन लग्ने आधीच घेतली असतील, तर त्यांच्या तारखा तिथेच लिहाव्यात. स्टुडिओला त्या दिवशी दुसरा माणूस लावता येतो. रुजू झाल्यानंतर कळलेली तारीख मात्र त्याचे पूर्ण वेळापत्रक मोडते, कारण त्या दिवशीच्या वस्तू गोदामातून आलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार असतात.